नळाला बांधलेला पट्टा

आमच्या बिश्केकच्या जुन्या काँक्रीटच्या इमारतींत वरचा शिंकला तर खालचा दचकतो. वरच्या मजल्यावरची बेर्मेत मात्र घरात कुस्तीची तयारी करायची. वसंतात निवड चाचणी होती, तालीम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि लेक दीड वर्षाची. आधी ती बिनधास्त उड्या मारायची. खालच्या मजल्यावरच्या ऊल्कान आपा वैतागून सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या, गरम पाण्याच्या हीटरच्या नळावर पळी बडवायच्या, की ही वरून तोंड वाकडं करणार. मग आपांचा नवरा मुकाश अंथरुणाला खिळला आणि वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांतही आपण वर धपाधप उड्या मारत होतो, हे बेर्मेतला मयतीत आठवलं आणि मान वर करवेना.

तेव्हापासून उड्या बंद. जमिनीवर लोकरीचा जाड नमदा, त्यावर तालमीतल्या रबरी चटया. वजनं टेकवायची ती घडी केलेल्या रजईवर. बैठक मारताना पाच मोजत खाली जायचं, तळाशी थांबायचं, टाच न आपटता उठायचं. आवाज नाही आणि मांड्या मात्र उड्यांपेक्षा जास्त पेटतात. पाठीसाठी ती एक रबरी पट्टा हीटरच्या उभ्या नळाला अडकवून ओढायची. सावकाश ओढायचा, छातीशी धरायचा, सावकाश सोडायचा.

"चोरसुद्धा इतकं जपून काम करत नाहीत गं," पहाटे गाडीवर निघताना नवरा कुबान चिडवायचा.

एका गुरुवारी आपा वर आल्या. हातात तळलेल्या रोट्यांचं ताट. गेलेल्यांसाठी सात तळायच्या, तेलाचा वास त्यांना पोचतो, आणि मग शेजाऱ्यांना वाटायच्या.

"घे सूनबाई. मुकाशच्या नावाने खा."

"पुन्हा, आपा? गेल्या गुरुवारीही केल्या होत्यात."

"काय करू? तो जातच नाहीये." आपा दारातच टेकल्या. "पहाटे भिंतीतून कण्हतो. लांब कण्हतो, थांबतो, पुन्हा कण्हतो. मी कूस बदलायचे ना त्याची, तेव्हा अगदी अस्साच. लेक गुल्नुर तिच्या गावी नारीनला ये म्हणून मागे लागलीय. इथे एकटी पडलीस, रक्तदाब वाढला तर कोण बघणार म्हणते. पण त्याला असा टाकून जाऊ कशी?"

बेर्मेतच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

आपा गेल्यावर तिने पट्टा हळूच ओढला आणि नळाला कान लावला. जमिनीतून जिथे नळ खाली जातो, तिथे तो भोकाच्या कडेला घासून कण्हत होता. जितकं सावकाश ओढावं तितकं लांब. चटया जमिनीवरचा धक्का पितात, नळाला त्यांचा काय उपयोग? शिवाय तो जुना नळ निखळला असता तर अख्ख्या घरात उकळतं पाणी झालं असतं. नळ कुणी ओढतं का, अगं बये!

तिला स्वतःची किळस आली. पण खाली जाऊन सांगायचं धाडस होईना. दुसऱ्या दिवसापासून पट्टा पायाखाली धरून, वाकून ओढायला लागली. आवाज थांबेल, आपा लेकीकडे जातील, कुणाला काही कळायला नको. अशी तिने स्वतःची समजूत घातली.

रविवारी जिन्यात आपा भेटल्या. चेहरा पार उतरलेला.

"गेला गं. गुरुवारी रात्री मी वैतागून म्हटलं, पुरे आता, झोपू दे मला. तेव्हापासून गप्प आहे. आजारपणात पण असंच खेकसायचे मी त्याच्यावर. रुसून गेला बघ. आता कसली लेक आणि कसलं नारीन."

"आपा, तो आवाज..." बेर्मेतने सुरुवात केली.

आपांनी मोठ्या आशेने वर पाहिलं. "काही नाही. गोळ्या घेताय ना?" एवढंच विचारून ती पळाली.

सोमवारी पहाटे तिने पट्टा पुन्हा नळाला अडकवला. पाप करतोय हे तिला कळत होतं. एकदाच, तिने मनाशी म्हटलं, आणि सावकाश ओढला.

"मुकाश?" नळाभोवतीच्या फटीतून आपांचा आवाज आला. "आलास होय रे? गुल्नुर बोलावतेय. जाऊ का मी तिच्याकडे?"

पट्टा छातीशी ताणलेला होता. धरून ठेवला तर शांतता, सोडला तर कण्हणं. दोन्ही उत्तरंच, आणि दोन्ही तिची. दंड थरथरायला लागले. "आपा, मी आहे," एवढं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. तिने पाच मोजत पट्टा सोडला. नळ लांबलचक कण्हला.

"बरं. जाते मग," आपा म्हणाल्या. त्या रडत होत्या. "पण एकदा नीट सांग रे. शेवटी इतकं टाकून बोलले मी तुला. माफ केलंस ना?"

माफी द्यायचा काय अधिकार होता बेर्मेतला? खाली आपा थांबून राहिल्या होत्या. तिने ओठ गच्च मिटले आणि पट्टा पुन्हा ओढला.