खोली तीनची हजेरी

परिषदेत प्रत्येक खोलीच्या दारात दोन यंत्रं होती. एक कार्डावरचा कोड वाचायचं, दुसरं आत जाणारी डोकी मोजायचं. दोन्ही आकडे मोनालीच्या लॅपटॉपवर यायचे.

खोली तीनमध्ये राजानंद सरांच्या आठवणींचं सत्र होतं. सर मागच्या आठवड्यात गेले. त्यांनीच तिला शिकवलं होतं, पण बातमी कळल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

सत्र संपलं. कार्डं एक्केचाळीस, डोकी सहा.

तिनं यादी उघडली. शेवटची छत्तीस कार्डं दर तीन सेकंदांना एक अशी लागली होती. तिनं ऑफिसात कार्डं सांभाळणाऱ्या मिथुनभाऊंना गाठलं.

"मॅडम, सगळा स्टाफ अंबडला लग्नाला गेलाय, अन् सर्टिफिकेटला चार सत्रं लागतात. मंग कार्डांचा गठ्ठा उचलला अन् मशीनला दाखवत गेलो. माझं बी त्यातच होतं, मंग आत जाऊन बसलो. सरांच्या सत्राला हजेरी तरी बराबर दिसंल."

"भाऊ, हजेरी दिसायला माणसं यावी लागतात," ती म्हणाली आणि न आलेल्यांची नावं पुसायला बसली. मिथुनभाऊंचं नाव तिनं राहू दिलं. चौतीस नावं पुसून झाली. पस्तिसावं होतं राजानंद सरांचं. त्यांचं कार्ड महिन्यापूर्वीच छापून गठ्ठ्यात पडलं होतं. पुढे लिहिलेलं : उपस्थित, अकरा वाजून चार मिनिटं.

पुसायच्या बटणावरून तिनं बोट काढून घेतलं. मग अहवालात तिनं खोली तीनची उपस्थिती लिहिली.

सात.