दुसरी सही

सकाळी सहा पन्नासला तिने चहाचं पातेलं उतरवलं आणि शेगडीचं डावं बटण बंद केलं. मग उजवं पाहिलं. ते लावलेलंच नव्हतं, तरी पाहिलं. सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला आणि बोटाने दाबून बघितला. त्यानंतर ती ओट्यापासून दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "अहो."

तो दाढी अर्धी टाकून आला. एका गालावर फेस तसाच होता. त्याने दोन्ही बटणं आणि रेग्युलेटर पाहिला आणि फ्रिजवर ठेवलेल्या वहीत लिहिलं: ६.५२, बंद. खाली तिने सही केली, तिच्या शेजारी त्याने आपली केली.

"नीट पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"उजवंही?"

"उजवंही. आता निम्मी दाढी घेऊनच कामावर पाठवणार आहेस का?"

ती हसली, पण तिची नजर वहीवरच होती. बाहेर पडेपर्यंत त्याच्या आणखी सात सह्या झाल्या. शेवटची दाराशी, बूट घातल्यावर, वही गुडघ्यावर धरून. तिने त्या पानाचा फोनवर फोटो काढला आणि दोघं जिना उतरू लागली. तिला शाळेत जायचं होतं, तिसरीच्या वर्गावर. तो एका कापड गिरणीत बॉयलर सांभाळत असे. वर्षभरात एकही दिवस दोघं वेळेवर पोहोचली नव्हती. त्याचा मुकादम आता कारणही विचारत नसे.

वहीची कल्पना त्याचीच होती. बॉयलरघरात एकाने झडप बंद केली की दुसऱ्याने ती स्वतः पाहून सही करायची, हा नियम. तेवीस वर्षं त्याने तो पाळला होता आणि त्या तेवीस वर्षांत कोणाला साधं भाजलंही नव्हतं. बायको गॅस बंद झाला की नाही या भीतीने जिन्यावरून पुन्हा पुन्हा वर धावू लागली, तेव्हा त्याने आपल्याकडची सर्वात भरवशाची गोष्ट घरात आणली. सुरुवातीला सकाळी एकच सही पुरत असे.

त्या दिवशी दुपारी चारची वेळ मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे होती. दोन औषधं पूर्ण मात्रेत, प्रत्येकी तीन महिन्यांहून जास्त देऊन झाली होती आणि तिसरं चालू होतं. डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर वीस बैठकाही झाल्या होत्या. भीतीला सामोरं जायचं आणि तपासायचं नाही, असा त्यांचा उपचार. फरक दिसत नव्हता. मेंदूत बारीक तार बसवण्याची शस्त्रक्रिया असते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं आणि आज ती नवऱ्याला घेऊन तेच मागायला आली होती.

"घाला एकदाची ती तार," ती खुर्चीत बसता बसताच म्हणाली. "मी थकले, डॉक्टर. गॅस बंद आहे हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण कळून उपयोग काय? खालच्या मजल्यावर दोन लहान मुलं आहेत. ती जळलेली मला दिसतात."

"वेडी कोण म्हणालं तुम्हाला?" डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवायची सवय असलेल्या. त्यांनी एक कोरा कागद ओढला. "तार कुठे बसवतात ते आधी दाखवते. मग ठरवू."

त्यांनी तीन गोल काढले. "हा डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा भाग. ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. काहीतरी चुकतंय, धोका आहे, अशी सूचना इथून निघते. ती खाली, मेंदूच्या आतल्या या स्ट्रायटमकडे जाते. कुठली सूचना पुढे सोडायची आणि कुठली अडवायची, याची निवड करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तिथून मधल्या काही थांब्यांमार्गे थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमधचं सूचना पुढे धाडणारं केंद्र, आणि थॅलॅमसकडून पुन्हा कपाळामागे. एरवी थॅलॅमसवर एक ब्रेक लागलेला असतो. तुमच्या आजारात तो सैल पडतो, असं आम्हाला वाटतं. मग सूचना विझण्याऐवजी फिरत राहते. चित्र सोपं करून सांगतेय बरं, खरा मेंदू याहून गुंतागुंतीचा आहे."

तो पुढे वाकला. हे त्याच्या ओळखीचं होतं. "म्हणजे धोक्याची घंटा वाजते आणि घंटेचा आवाज ऐकूनच घंटा पुन्हा वाजते."

"जवळपास तसंच. बॉयलर तापलाय की नाही, याच्याशी तिचा संबंध उरत नाही."

"मग कितीही पाहिलं तरी ती थांबणार नाही."

"क्षणभर थांबते. पाहिलं की जीव शांत होतो. आणि तिथेच गोम आहे. शांती तपासण्यातूनच मिळते, हा धडा पक्का होत जातो. औषधाने घंटेचा जोर कमी होऊ शकतो. पण घंटा वाजत असताना काहीच न करता बसलं, तर न तपासताही काही बिघडत नाही आणि ही घालमेल सोसता येते, हे मेंदू शिकतो. उपचार लागू पडला की या वर्तुळातली जास्तीची हालचाल उतरलेली काही अभ्यासांत दिसली आहे. गोळ्यांनीही, नुसत्या या सरावानेही."

"आणि तार?"

"त्याच वर्तुळात विजेचे स्पंद देते. पण बाकी सगळं नीट करूनही हरलो, तरच. तुम्ही घरचा सराव करता ना?"

"अगदी मनापासून. एकदा बंद केलं की मी शेगडीला हात लावत नाही. मागे वळतही नाही."

"खरं आहे," तो अभिमानाने म्हणाला. "ती हात लावतच नाही. मी पाहतो. शस्त्रक्रियेच्या कागदांना लागली तर म्हणून नोंद आणली आहे." पिशवीतून वही काढून त्याने टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग शेवटचं. आजच्या पानावर त्याच्या आठ सह्या होत्या.

"शाळेत काय करता?" त्यांनी तिला विचारलं.

ती ओशाळली. "पानाचा फोटो असतो. मधल्या सुट्टीत बघते. तासाला पण, कधीकधी."

डॉक्टरांनी वही मिटली आणि त्या त्याच्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तपासणं थांबलं नाही हो. ते तुमच्या हातून होत होतं. वीस बैठका झाल्या आणि आम्हीही कधी तुम्हाला आत बोलावलं नाही. चूक आमचीही आहे. पण खरा सराव अजून झालेलाच नाही. अशात मी तार घालायला पाठवणार नाही."

त्याने वही आपल्याकडे ओढली. "मी तिला मदत करत होतो."

"करत होतात. आजाराला."

"त्यांना बोलू नका," ती एकदम म्हणाली. "मीच मागत होते सह्या." मग नवऱ्याकडे न बघता तिने विचारलं, "हळूहळू कमी केल्या तर चालेल?"

"चालेल. पण किती आणि कधी, हे दोघांनी शांतपणे आधी ठरवा. घंटा वाजत असताना घासाघीस नको. तुम्ही विचारलंत, तर ते काय म्हणतील हेही आत्ताच ठरवा. त्यांनी न सांगता मदत बंद केली तर ती शिक्षा होईल. तुम्ही हो म्हणालात तर तो उपचार."

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसली.

"एकसुद्धा सही नको," ती म्हणाली. "कमी करत गेले तर मी उरलेल्या सह्यांवर सगळा भार टाकेन. मला मी माहीत आहे."

"झेपेल?"

"मला काय विचारता? तुम्हाला झेपेल का ते बघा. मी रडले की तुम्ही लगेच विरघळता."

घरी आल्यावर तिने फोनमधले सगळे फोटो स्वतःच पुसले. वही त्याने टराटरा फाडून खालच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही बटणं बंद केली, रेग्युलेटर फिरवला आणि पिशवी उचलली. त्याने दाराला कुलूप लावलं. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिचा हात कठड्यावर आवळला.

"अहो, बंद आहे ना?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. एका शब्दात तिचा चेहरा निवळला असता. त्याने ते गिळलं आणि काल ठरलेलं वाक्य म्हटलं, "तुला भीती वाटते आहे, हे दिसतंय मला. याचं उत्तर मी देणार नाही."

"दुष्ट आहात," ती म्हणाली. डोळे भरले होते, पाय जागचे हलत नव्हते. खालच्या मजल्यावरची दोन मुलं दप्तरं घेऊन आपल्या दारातून निघाली आणि धडधडत जिना उतरली. तो तिच्या पायरीवरच थांबला. वर गेला नाही, तिला खालीही ओढलं नाही. बऱ्याच वेळाने ती एक पायरी उतरली, मग दुसरी. तोही तेवढ्याच उतरला.