वाक्यातला कर्ता

त्या साली व्याकरणाच्या तासाला मार्तंड गुरुजींनी विचारलं, "दुष्काळ हा कोणता काळ?"

छगन उभा राहून म्हणाला, "चालू वर्तमानकाळ, गुर्जी."

हसलं कुणी नाही. हसलं की तहान लागायची.

आमची सातवी देवळाच्या ओवरीत भरत होती, कारण शाळेच्या खोलीत दुष्काळी खाऊची, म्हणजे सुकडीची पोती होती. पोत्यांना छप्पर लागतं, पोरांना लागत नाही, असा हिशेब असावा. खोलीची किल्ली छगनच्या वडलांकडे, म्हणजे आसाराम मुकादमाकडे असायची. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं, त्यावर तो मुकादम. दुपारी तो येऊन कुलूप काढायचा आणि आम्हाला मूठमूठ सुकडी मिळायची. शाळेत हजेरी चांगली होती. विद्येची ओढ म्हणतात ती हीच.

गुरुजी नुकतेच संगमनेरला शिबिराला जाऊन आले होते. तिथे पुण्याच्या कुणी बाईंनी त्यांना लिहायला शिकवण्याची नवी रीत शिकवली होती. गुरुजी परत आले ते पाहुणचार झाल्यासारखे दिसत होते. आल्याआल्या त्यांनी फळ्यावर लिहिलं: आधी कच्चं लिहा. मग शेजाऱ्याला द्या. मग सुधारा. मग पक्कं करा.

"कच्चं लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करायची नाही," गुरुजी म्हणाले. "मनात येईल ते येऊ द्या. शेजाऱ्यानं वाचायचं, काय आवडलं ते सांगायचं, कुठं कळलं नाही ते विचारायचं. पण त्यानं पेन्सिल लावायची नाही. लिहिणं ज्याचं त्याचं. काय ठेवायचं, काय गाळायचं, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. शुद्धलेखन अगदी शेवटी."

"गुर्जी, तुमी काय करनार मंग?" छगननं विचारलं.

"मी फिरणार," गुरुजी म्हणाले. "शिक्षक वाचतो, पुसत नाही."

कागद परवडत नव्हता म्हणून कच्च्यासाठी सातवीच्या घोड्यांच्या हातात पुन्हा पाट्या आल्या. पुसायला पाणी नव्हतं. थुंकी वापरायची परवानगी होती, पण तीही जपून. विषय होता: आमच्या घरातलं एक माणूस. एक परिच्छेद. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येऊन ही नवी रीत बघणार होते.

सहादेव छगनच्या शेजारी बसायचा. त्याची आई, बनुबाई, थोड्या दिवसांपूर्वी तलावाच्या कामावर मुरमाच्या कपारीखाली गाडली गेली होती. पंचनाम्यात आलं की मजूर बाई स्वतःच्या बेसावधपणाने मयत. गावानं त्यावर आपली भर घातली. बाई हावरी, लवकर मजुरीचं माप भरावं म्हणून तिनंच खालून कोरलं असणार. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि सहादेव तिथंच घमेली वाहत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण पंचांनी त्याला काही विचारलं नव्हतं. पोराला काय विचारायचं? त्याला एवढंच पाहिजे होतं की आईची चूक नव्हती हे कुठंतरी लिहून यावं. आता गुरुजींनी पाटी दिली होती.

त्यानं लिहिलं: "माझी आई बनुबाई. ती लई कामाची हुती. तिला कपार खालून खणण्यास सांगण्यात आले. कपार पडली. ती चांगली हुती."

'सांगण्यात आले' हे त्यानं कामावरच्या नोटिशीतून उचललं होतं. सरकारी मराठीत सगळं होतं, पण कुणी काही करत नाही.

छगननं पाटी घेतली. तो सगळ्या गोष्टी नियमानं करायचा. त्याच्या घरी नियम मोडल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं.

"आवडलं ते, 'लई कामाची'," तो म्हणाला. "कळलं न्हाई ते बी तेच. कामाची म्हंजे काय करायची?"

सहादेवनं विचार केला. "म्हाताऱ्या लंकाबाईचं घमेलं आदी भरून द्यायची. मंग आपलं भरायची."

"हे लिही की! मंग 'चांगली हुती' कशाला पायजे? कळतंय."

सहादेवनं शेवटचं वाक्य थुंकीनं पुसलं आणि घमेल्याचं वाक्य वर घुसवलं. रीत चालली होती. पुण्याच्या बाईंना आनंद झाला असता.

"दुसरं," छगन म्हणाला, "ह्या वाक्याला कर्ता न्हाई. सांगण्यात आले. कुनी सांगितलं?"

"तुला म्हाईत न्हाई?"

"मला कसं म्हाईत? मी हुतो व्हय तिथं?"

सहादेवनं पाटी आपल्याकडं ओढली. मग म्हणाला, "तुझ्या आप्पानं. म्हनला, वरून कशापायी टिकाव घालता? खालून वढा, वरचं आपोआप पडंल."

आपोआप पडलं होतंच. मुकादमाचा अंदाज चुकला नव्हता.

छगननं फळ्याकडे बघितलं. विचारायचं काम त्याचं होतं, ते झालं होतं. ठरवायचं काम दुसऱ्याचं होतं. बापाविषयी फळ्यावर काही नव्हतं.

"मंग लिही," तो म्हणाला. "कर्ता आल्याबिगर वाक्य पुरं हुत न्हाई."

सहादेवनं लिहिलं: "आसाराम मुकदम म्हणाले, खालून ओढा."

छगननं पुन्हा वाचलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत. "'मुकादम'," तो शेवटी म्हणाला. "काना ऱ्हायला."

सहादेवनं काना दिला.

गुरुजी फिरत आले. त्यांनी पाटी वाचली, आणि सदऱ्याच्या बाहीनं ते एकच वाक्य पुसलं. बाही कोरडी होती, दोनदा घासावं लागलं.

"सुधारणा म्हणजे गाळणंही असतं, सहादेव."

"गाळायचं लिवनाऱ्यानं, गुर्जी. तुमीच म्हनला."

"पोत्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडं आहे?" गुरुजी हळू म्हणाले. "सगळ्या वर्गाची दुपार आहे ती." मग ते पुढच्या रांगेत गेले. त्यांच्या बाहीवर पांढरा डाग राहिला.

पक्कं करायला प्रत्येकाला एक कागद मिळाला. दिपोटीसाहेबांची जीप वेशीत आली तेव्हा गुरुजी हार शोधत होते. त्यामुळे कागद न वाचताच त्यांनी भरड्याच्या खळीनं देवळाच्या भिंतीला लावले.

साहेब भिंतीशी आले. मागं चहाची किटली घेऊन आसाराम मुकादम उभा. त्याला वाचता येत नव्हतं. साहेबांना मोठ्यानं वाचायची सवय होती.

"'...म्हाताऱ्या लंकाबाईचं घमेलं आधी भरून द्यायची. आसाराम मुकादम म्हणाले, खालून ओढा, आपोआप पडेल. आईनं ऐकलं. कपार पडली. ती लई कामाची हुती.'"

ओवरीत कुणी हललं नाही. गुरुजींनी हातातला हार पाठीमागं नेला.

"वाक्यरचना स्वच्छ आहे," साहेब म्हणाले. "कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी." खिशातून तांबडी पेन्सिल काढून त्यांनी 'हुती'चं 'होती' केलं आणि खाली शेरा दिला: शुद्धलेखनाकडे लक्ष पुरवावे. सही केली.

"च्या घ्या, सायब," आसाराम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. छगननं मात्र मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सुकडी मिळाली नाही. किल्ली हरवली असल्याचं कळविण्यात आलं. सहादेवचा कागदही भिंतीवर नव्हता. तो काढण्यात आला होता. साहेबांची सही त्याच्याबरोबर गेली.

छगन उशिरा आला. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, ओठ फुटला होता.

"काय रे हे?" गुरुजींनी विचारलं.

"लागलं, गुर्जी."

गुरुजी वळले आणि फळा पुसू लागले. फळ्यावर काही नव्हतं.

सहादेव कुजबुजला, "लागलं? आन कर्ता?"

 छगननं पाटी मांडीवर घेतली, एका डोळ्यानं बघत हळूहळू एक ओळ लिहिली आणि शेजारी सरकवली. कच्चंच होतं. 'आप्पानं मला'पर्यंत येऊन थांबलं होतं.

सहादेवनं वाचलं. पेन्सिलीला हात लावला नाही.

"कळलं न्हाई ते इचारू?" तो म्हणाला.

"इचार."