घसा धरला कशानं

पळसदेवचे गंगाराम आबा उन्हाळ्यापुरते बारामतीला लेकाकडे राहायला आले, आणि चौथ्याच दिवशी त्यांचा घसा धरला. सकाळी उठावं तर जीभ टाळूला चिकटलेली, गिळताना काटे टोचायचे, आवाज फाटका.

गावच्या विहारात वीस वर्षं वंदना सांगितलेला माणूस. इथल्या मंडळींनीही पहाटेची वंदना मानानं त्यांच्याकडे दिली होती. वंदनेआधी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. उठायचं, आंघोळ करायची आणि थेट विहार गाठायचा.

बुद्धपौर्णिमेला विहार भरला होता. त्रिसरण कसंबसं पार पडलं आणि पंचशीलाच्या दुसऱ्याच ओळीला आवाज बसला तो बसलाच. पुढचं सगळं लोकांनी म्हटलं. आबा नुसते ओठ हलवत राहिले. बाहेर आल्यावर विहारातल्याच महिपतीनं सगळ्यांदेखत टोमणा मारला, "आबा, बारामतीचं पाणी मानवलं न्हाय वाटतं?"

आबांना ते लागलं, आणि तोंडातून निघून गेलं, "पाणी कशाचं? सूनबाई रेशनच्या पामतेलात कालवण करतीया. घसा धरंल न्हाय तर काय व्हईल?"

लोक हसले. मागे त्यांची सून करुणा सगळ्यांना वाटायला शंकरपाळ्यांचा डबा घेऊन उभी होती.  बायकांनी तो डबा भरलेलाच परत धाडला. पुढच्या रविवारी विहारातल्या जेवणाच्या पुऱ्या तिनं तळायच्या ठरल्या होत्या, ते कामही स्वयंपाकाचं बघणाऱ्या धोंडाबाईंनी दुसरीकडे दिलं.

घरात करडईच्या तेलाशिवाय दुसरं तेल नव्हतं. लेक रविंद्र चिडला, आबांशी दोन दिवस बोलला नाही. तो लोणी देवकरच्या कंपनीत पाळीवर जायचा, म्हणून आबांना दवाखान्यात न्यायला करुणानंच कॉलेजातल्या नोकरीवरून अर्धा दिवस रजा काढली.

डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी घशात बॅटरी मारून पाहिली. ताप नव्हता, सूज नव्हती. त्रास कधी होतो, विचारलं. सकाळी उठल्यावर, आबा म्हणाले. चहापाणी झालं की दहापर्यंत मोकळं होतं.

"आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावर काय न्हाय."

करुणा खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, माझ्या तेलानं धरतो."

 डॉक्टरबाईंनी एक गार पोलादी पट्टी आबांच्या नाकाखाली धरली आणि तोंड मिटून श्वास सोडायला सांगितलं. पट्टीवर डाव्या बाजूला वाफेचा मोठा डाग उमटला, उजवीकडे जेमतेम बोटभर. नाकाचं हाड आतून वाकडं होतं. त्यात रात्री नाक चोंदलं की आबा झोपेत तोंडानं श्वास घेत असणार. मग त्यांनी झोपायची खोली कशी आहे ते विचारलं.

करुणानं सांगितलं. कंपनीच्या ऑफिसातला जुना एसी रविंद्रनं आणला होता. घरात तो एकच. आबांना उकाडा सोसत नाही म्हणून त्या खोलीत आबांची खाट टाकली. वर पंखाही जोरात, दारं-खिडक्या बंद. ती आणि रविंद्र बाहेरच्या खोलीत झोपायचे.

"आबा, त्या एसीच्या नळीतून बाहेर पाणी ठिबकतं ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"व्हय. बादली ठेवलीया खाली. सूनबाई ते झाडांना घालती."

"ते पाणी तुमच्या खोलीतल्या हवेतलं. हवा अशी कोरडी होते. नाकातून गेली तर नाक तिला ओली करून आत सोडतं. तुमचं तोंड उघडं, वर पंख्याचा झोत. रात्रभर घसा वाळतो, आणि सकाळी तुम्ही पाणीही घेत नाही. तेलाचा यात काही संबंध नाही."

आबांना खुर्चीत बसवेना. ज्या गारव्यात सुनेनं त्यांना निजवलं, त्यानंच घसा वाळला, आणि चारचौघांत नाव घेतलं ते तिच्याच तेलाचं. डॉक्टरबाई पुढं सांगत होत्या. एसी बेताचा ठेवा, पंखा तोंडावर नको, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, झोपताना आणि उठल्यावर पाणी प्या. महिनाभरात फरक पडला नाही तर नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांतलं निम्मंही आबांच्या कानात शिरलं नाही. सगळं करुणानं लिहून घेतलं.

रस्त्यात आबा म्हणाले, "पोरी, माझं चुकलं."

"मला सांगून काय होणार, आबा?" करुणा एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी आबा पहाटे उठले. पाणी प्यायले. वीस वर्षांचा नेम मोडला, पण विहारात आवाज पहिल्यासारखा लागला. वंदना झाल्यावर महिपती म्हणाला, "तेल बदललं वाटतं?"

आबा उभे राहिले. हात कुठं ठेवावेत कळेना.

"तेल तेच हाय. पयल्यापासनं करडईचंच. मी तोंड उघडं टाकून झोपत हुतो, सुनेनं दिलेल्या एसीत. आवाज गेला त्याची लाज वाटली, म्हनून तिच्यावर ढकललं. खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं. पुऱ्यांचं काम तिला परत द्या, असं ते धोंडाबाईंना चाचरत म्हणाले.

धोंडाबाईंनी पदर खोचला. "ते तुमी न्हाय सांगायचं आबा. डबा आमी परत धाडला, आमीच तिच्या दारात जातू."

बायका निघाल्या. आबा चपला शोधत मागं रेंगाळले. त्यांच्याबरोबर आपल्याच घरात शिरायचा धीर त्यांना होईना.