केबलला चिकटलेला सेन्सर

राग माझ्या नाकावरच असतो, असं घरात सगळे म्हणतात आणि दादा सगळ्यांत जास्त म्हणतो. पण त्या सकाळी प्रसूतिगृहाच्या बाजूंनी उघड्या पार्किंगमध्ये त्याचं बोलणं ऐकून मला जे झालं, त्याला राग म्हणणं कमीच. दादा मॅनेजरला सांगत होता की आमच्या कामात काही दोष नाही, रखवालदारकाकांनी स्विच बंद ठेवला असणार.

काका तिथेच उभे होते. मान खाली, हातात खराटा. फरशीवरचं सांडलेलं पाणी गोठून बर्फ झालं होतं आणि ते तो बर्फ खरवडत होते. पार्किंगच्या छताखालून जाणारी थंड पाण्याची प्लॅस्टिकची पाइपलाइन गोठून फुटली होती. वर बाळंतिणी आणि नळाला पाणी नाही, असा एक अख्खा दिवस गेला होता. फुटलेला तुकडा प्लंबरने बदलला होता. आता कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं बाकी होतं.

पाइप गोठू नये म्हणून त्यावर विजेची केबल बांधायची, वरून इन्शुलेशन चढवायचं, हा आमचा घरचा धंदा. बाबांनी सुरू केला. आता किती वॉटची केबल लागेल याचं गणित मी करते आणि बांधणी दादा करतो. त्याची बांधणी इतकी नीटनेटकी की बाबा त्याला टापटीप म्हणायचे. तेच नाव पडलं.

मॅनेजरचं म्हणणं साधं होतं. काकांनी स्वतःच कबूल केलं होतं की केबलच्या पॅनेलवरचा हिरवा दिवा विझलेला दिसला. दिवा विझलेला म्हणजे केबल बंद. म्हणजे स्विच बंद. म्हणजे काका-काकू राहायचे ती जिन्यामागची खोली त्यांनी महिनाअखेर रिकामी करायची. वर आम्हाला हुकूम, की दहा वॉटची केबल काढून वीस वॉटची घाला, म्हणजे पुन्हा कटकट नको.

मी म्हटलं, पंचवीस मिलिमीटर इन्शुलेशनखाली हा पाइप कडाक्याच्या थंडीतही मीटरमागे पाच-सहा वॉटच गमावतो, तेवढी उष्णता परत दिली की झालं. दहा पुष्कळ आहेत. आणि प्लॅस्टिकच्या पाइपला उगाच जास्त वॉट लावणं बरं नाही. माझ्या बोलण्यावर दादा खूश झाला. बघा, म्हणजे दोष स्विचचाच, असं म्हणून त्याने पुस्ती जोडली की वरच्या मजल्यावरची गरम पाण्याची लाइनही त्यानेच बांधली आहे, तिथे नळ उघडताच कढत पाणी येतं. मग तेच हात इथे कसे चुकतील?

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी काकांकडे गेले आणि त्यांनी नेमकं काय पाहिलं ते विचारलं.

ते माझ्याकडे बघेनात. "माझीच चूक असेल, ताई. दिवा लागलेला दिसायचा आणि जरा वळून पाहावं तर विझलेला. मग मी स्विच बंद करून पुन्हा चालू करायचो. शेवटी कुठल्या बाजूला ठेवला, ते आता डोक्यात राहत नाही."

मी तिथल्या तिथे शिडी मागवली.

दादाने मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाला की आता इन्शुलेशन फाडून तमाशा करू नकोस, काकांचं वय झालंच आहे, विसरले असतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्याला मोठ्याने, मॅनेजरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की तुझी मूठ झाकण्यासाठी मी दोन माणसांना थंडीत रस्त्यावर काढणार नाही.

शिडीवर चढून मी सेन्सरजवळचं इन्शुलेशन कापलं. आत दादाची बांधणी होती, बघत राहावी अशी. पाइपच्या खालच्या अंगाने केबल सरळ रेषेत गेलेली. तिला अगदी खेटून सेन्सर. दोन्ही एकाच चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली, एक सुरकुती नाही.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागाने. सेन्सरचं काम पाइप किती गार आहे ते सांगण्याचं. पाच अंशांच्या खाली गेला की केबल चालू, वर आला की बंद. तो बसवायचा केबलपासून लांब, पाइपच्या विरुद्ध अंगाला. इथे तो केबलचीच ऊब घेऊन बसला होता. केबल लागली की दोन-चार मिनिटांत सेन्सर गरम, की केबल बंद. प्लॅस्टिकमधून उष्णता धड पलीकडे पोचत नाही, त्यामुळे पाइपच्या वरच्या अंगाचं पाणी गारच. वीस वॉटची केबल घातली असती तर सेन्सर आणखी लवकर तापला असता आणि केबल आणखी लवकर बंद पडली असती.

आणि आमची तपासणी? ती तर बाबांपासून चालत आलेली. उन्हाळ्यात काम संपलं की सेन्सरवर बर्फाची पिशवी धरायची, दिवा लागला, केबल हाताला कोमट लागली की काम पास. पिशवी धरलेली असेपर्यंत सेन्सर गारच राहणार, मग दिवा कशाला विझेल?

मी माझा थर्मामीटर पाइपच्या वरच्या अंगाला टेकवला. मॅनेजरला म्हटलं, इथला आकडा वाचा आणि पॅनेलवरचा वाचा. पॅनेलवर आठ अंश होते. माझ्याकडे एक. स्विच चालू होता; दुरुस्तीसाठी बंद केलेला तो दादानेच मघाशी लावला होता. दिवा विझलेला होता.

मग मी दादाची ती सुंदर पट्टी टरकावली, सेन्सर सोडवून पाइपच्या वर बांधला आणि इन्शुलेशन पुन्हा गुंडाळलं. पॅनेलवरचा आकडा उतरत उतरत एकवर आला. दिवा लागला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तो विझला नाही.

 दादाकडे बोलण्यासारखं एकच उरलं होतं, की वरची गरम पाण्याची लाइन नीट चालते. वर चालतं, कारण वरची केबल पाण्याची ऊब पंचावन्न अंशांच्या आसपास टिकवते आणि तिचा कंट्रोलर ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद, असा चालतो. तिथे पाइपवर सेन्सरच नाही. असता तर यानं तोही असाच चिकटवला असता, आणि कोमट पाण्यात रोगजंतूंची पैदास झाली असती. तीही बाळंतिणींच्या नळात. हे मी त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं. मॅनेजर घसा खाकरून म्हणाला की मग खोलीचा प्रश्न उरला नाही.

मला वाटलं, संपलं. पण काका शिडीजवळ आले.

"ताई, एक काम कराल? हे जरा माझ्या बायकोला सांगाल? मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही." मग आवाज खाली आणत ते म्हणाले, "मला विसरायला होतंय असं तिनं धरलंय. मीही धरलंय. ती मला गॅसला हात लावू देत नाही, ताई."

मी दादाकडे पाहिलं. तू जा, म्हटलं. त्याला वाटलं होतं मी जाईन, नेहमीसारखी. मी शिडी घट्ट धरून उभी राहिले.

तिथूनच जिन्यामागच्या खोलीचं उघडं दार दिसत होतं. आत सामान अर्धं बांधून झालेलं होतं. दादा काकांच्या मागोमाग गेला आणि उंबऱ्यातच थांबला. काकू हात पुसत बाहेर आल्या आणि आधी काकांकडे, मग त्याच्याकडे बघायला लागल्या.

"काकू, काका काही विसरले नव्हते," दादा म्हणाला. "स्विच चालू असतानाच दिवा विझत होता. चूक माझी होती, आणि मी ती त्यांच्या नावावर घातली."

 काकूंनी कमरेला खोचलेला गॅसचा लायटर काढला, काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चहा ठेवा. दोघांपुरताच."