सगळीकडे सारखं दुधाळ

शिंपीकाकांची साखर कधी आभाळाला भिडायची, तर कधी इतकी उतरायची की मशीनवर बसल्या बसल्या हात थरथरायचे. काकू म्हणायच्या, "चोरून गोड खाता!" काका मनातून दुखावायचे.

दवाखान्यात नर्सताई म्हणाल्या, "इन्सुलिन कसं घेता, दाखवा." काकांनी बाटलीत थेट सुई खुपसली.

"थांबा! औषध तळाशी बसलंय. असं घेतलं तर कधी कमी जातं, कधी जास्त." ताईंनी बाटली तळहातांत हलकेच वीसेक वेळा फिरवली. "जोरात हलवायची नाही. सगळीकडे सारखं दुधाळ दिसलं की मगच भरा."

महिन्याभरात साखर बरीच स्थिरावली.

"उगाच संशय घेतला हो," काकू ओशाळल्या.

"मग आता बाटली तू फिरव," काका हसले, "सारखं दुधाळ झालं का बघायला मी चष्मा शोधतो."