गल्ल्याजवळची खुर्ची

त्या सकाळीही पा गल्ल्याजवळ बसले होते. पिनांगमधला आपला गाळा त्यांनी केकवाल्या बी चूला विक्रीच्या दहा टक्क्यांवर दिला होता, त्यामुळे विक्री बघायला ते रोज जात.

"ठरावीक भाडं घ्या आणि घरी बसा," लेक हुई मिन म्हणाली.

"मग केक कोण चाखणार?" पा हसले. त्याच दुपारी त्या खुर्चीतच त्यांनी प्राण सोडला.

अंत्यविधीनंतर हुई मिनने बी चूसमोर नवा करार ठेवला. सगळ्यात तेजीच्या महिन्यात आलेला हिस्सा, तेवढंच भाडं दर महिन्याला, विक्री होवो न होवो.

"अगं पोरी, पावसाळ्यात गिऱ्हाईकच नसतं. मी बुडेन. तुझे पा असते तर..." बी चू म्हणाली.

"पा माझ्याजवळ कधीच बसले नाहीत, मावशी," हुई मिन म्हणाली. "सही करा."